मीटर हिरवा, आवाज फाटलेला: बहात्तर मिनिटांच्या एका रेकॉर्डिंगची दुरुस्ती

बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या एका मुलाने मला कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि लगेच फोन केला. ‘‘दादा, सुरुवातीची गाणी फाटली हे मला कळतं, लाल दिवा लागलेला मी स्वतः पाहिला होता. म्हणून तर मी लेव्हल खाली आणली. त्यानंतर मीटर एकदाही लाल झाला नाही. तरी पुढचा आवाजही तसाच फाटलेला आहे. असं कसं?’’

त्याचा प्रश्न रास्त होता, आणि या सगळ्या दुरुस्तीची किल्लीही त्या प्रश्नातच होती.

हातात मावणारा एक रेकॉर्डर, त्याचे स्वतःचे दोन माइक, स्टेजच्या डाव्या स्पीकरपासून तीनेक मीटरवर स्टँडला लावलेला. दुसरं काही साधन नाही, मिक्सरमधून वेगळी नोंद नाही. आधी त्याने मेसेजमधून आलेली छोटी फाइल पाठवली होती. ती मी ऐकलीही नाही. आवाज दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये लाटांचे कापलेले माथे पुसट होतात, किंचित वरखाली होतात, आणि मग कुठे कापलं गेलं हे दुरुस्तीच्या साधनाला ओळखताच येत नाही. रेकॉर्डरच्या कार्डावरची मूळ वेव्ह फाइलच हवी, असं मी सांगितलं. ती आली: ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, ७२ मिनिटं.

फाइल उघडून २६व्या मिनिटाच्या आसपास इतकी झूम केली की एकेक सॅम्पल, म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा घेतलेल्या मोजमापांपैकी एकेक मोजमाप, ठिपक्यासारखा दिसायला लागला. त्या मुलाने लेव्हल कमी केली ती जागा स्पष्ट दिसत होती. त्याआधी लाटांचे माथे थेट वरच्या मर्यादेला, म्हणजे शून्य डेसिबलला, सपाट कापलेले होते. त्यानंतरचे माथेही सपाटच होते, फक्त ती सपाट रेघ आता उणे ५ डेसिबलवर आली होती. मीटर खरं बोलत होता. शेवटच्या टप्प्यावर जागा शिल्लक होती. पण आवाज त्याच्या आधीच्या टप्प्यावर, माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या प्रीअँपमध्येच, कापला जात होता. त्या रेकॉर्डरवर माइकची संवेदनशीलता ठरवणारं एक वेगळं बटण होतं आणि ते ‘H’वर, म्हणजे जास्त संवेदनशीलतेवर, राहून गेलं होतं. लेव्हलचा खटका प्रीअँपच्या नंतर येतो. तो खाली आणला म्हणजे कापलेली लाट लहान झाली, कापणं थांबलं नाही. कापड कातरून झाल्यावर त्याची लहान घडी घातली तरी ते कातरलेलंच राहतं, तसं हे. २४ बिट असण्याचाही इथे काही उपयोग नसतो. ते बिट प्रीअँपमधून जे बाहेर येतं तेच मोजतात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी आणखी एक शंका फेडून घ्यावी लागते. रेकॉर्डर ठीक असून समोरचा स्पीकरच फाटत असेल तर? तसं असेल तर लाटेला सपाट माथे सापडत नाहीत, कारण खोलीतून आणि माइकमधून येईपर्यंत आकार बदललेला असतो, आणि मग डिक्लिपचं, म्हणजे कापलेले माथे परत उभे करणारं, कोणतंही साधन बिनकामाचं ठरतं. इथे गाण्यांच्या मधलं निवेदन त्याच स्पीकरमधून स्वच्छ येत होतं, गाण्यांत मात्र कापलेले माथे डोळ्यांना दिसत होते. म्हणजे कापणी रेकॉर्डरमध्येच झाली होती आणि काम करण्यासारखं होतं.

आकड्यांत पाहायचं तर ffmpeg या प्रोग्रॅमची एक छोटी आज्ञा पुरते:

```
ffmpeg -i mul.wav -af astats -f null -
```

तिच्या उत्तरात `Peak level dB` म्हणजे सर्वांत उंच माथा आणि `Flat factor` म्हणजे त्या उंचीवर सलग किती सॅम्पल एकसारखे बसलेत त्याचा अंदाज. २६व्या मिनिटाआधीचा आणि नंतरचा भाग मी वेगवेगळा तपासला. पहिल्या भागात हा दुसरा आकडा मोठा आला. दुसऱ्या भागात तो अगदीच लहान होता, जरी तो भागही तितकाच फाटलेला होता. कारण प्रीअँप कापतो तेव्हा माथा गणिती काटेकोरपणाने सपाट नसतो, त्यावर बारीक कुरकुर असते आणि सलग सॅम्पल हुबेहूब सारखे येत नाहीत. म्हणून आकड्यावर विसंबू नये, झूम करून डोळ्यांनी पाहावं.

कामाचा क्रमही त्या सपाट माथ्यांवरूनच ठरतो. आवाज फाटलेला ऐकू आला की पहिली इच्छा होते ती कर्कश भाग इक्वलायझरने दाबायची, किंवा खालची घुमी कमी करायची. तसं आधी केलं तर सपाट माथे तिरके होतात, काही वर जातात, काही खाली येतात, आणि साधनाला ओळखायला जी एकमेव खूण होती ती आपणच पुसून टाकतो. रेकॉर्डरवरचं खालचे स्वर गाळणारं लो-कट चालू असेल तर हेच नुकसान रेकॉर्डिंग होतानाच झालेलं असू शकतं. सुदैवाने इथे ते बंद होतं. मी मूळ फाइलची प्रत काढली, मूळ फाइल वेगळी ठेवली आणि डिक्लिपच्या आधी दुसरं काहीही केलं नाही.

आता त्या उणे ५ डेसिबलचा परिणाम. ऑडॅसिटीमधल्या Clip Fix या इफेक्टला दोनच गोष्टी सांगायच्या असतात: `Threshold of Clipping (%)` आणि माथे परत उभे राहतील म्हणून आवाज आधीच किती डेसिबल खाली आणायचा. ही टक्केवारी निवडलेल्या तुकड्यातल्या सर्वांत मोठ्या सॅम्पलच्या तुलनेत धरली जाते. मी पूर्ण ७२ मिनिटं एकदम निवडली असती तर मोजपट्टी पहिल्या भागातल्या शून्य डेसिबलची झाली असती. उणे ५ डेसिबल म्हणजे त्याच्या सुमारे ५६ टक्के. ९५ टक्क्यांच्या चाळणीत दुसऱ्या भागातला एकही कापलेला माथा सापडला नसता, आणि साधनाने मुकाट्याने पाऊण तासाचा आवाज जसाच्या तसा परत दिला असता. म्हणून फाइल २६व्या मिनिटाला तोडून दोन भाग केले. पहिल्या भागाला ९९, दुसऱ्याला ९५, कारण तिथे माथ्यावर ती बारीक कुरकुर होती. आवाज ९ डेसिबल खाली.

हे साधन नेमकं काय करतं ते एका ठिकाणी जवळून पाहू. तिसऱ्या गाण्यात फक्त गिटार आणि गळा आहे, ड्रमर अधूनमधून स्नेअरवर एखादा फटका देतो. अशा एका फटक्याचे सॅम्पल, वरची मर्यादा १ धरून, असे होते: ०.४५, ०.८०, मग सलग पाच वेळा १.००, आणि मग ०.८२, ०.४६. लाट दोन सॅम्पलमध्ये ०.३५ने चढत होती, पलीकडे तितक्याच वेगाने उतरत होती. मधले पाच ठिपके पुसून दोन्ही बाजूंच्या उताराला जुळेल असा गोलसर माथा काढला तर तो सुमारे १.२५पर्यंत जातो, म्हणजे मर्यादेच्या वर जवळजवळ २ डेसिबल. पाच सॅम्पल म्हणजे एका मिलिसेकंदाचा जेमतेम दहावा भाग. एवढ्याशा वेळात लाट फार काही वेगळं करत नाही, म्हणून हा अंदाज खऱ्याच्या खूप जवळ जातो. या गाण्यात दुरुस्तीनंतर मला मूळ फटका आणि दुरुस्त फटका यांतला फरक फक्त एवढाच ऐकू आला की टर्रकन येणारा ओरखडा गेला आणि कातड्याचा आवाज परत आला.

साधनाने नको तिथे हात घातला नाही ना, हे तपासायचा एक सोपा मार्ग आहे. दुरुस्त आवाज बरोबर ९ डेसिबल वर आणायचा, मूळ आवाज उलटा करून त्यात मिसळायचा. जिथे दोन्ही सारखे तिथे पूर्ण शांतता येते, आणि उरतं ते फक्त साधनाने बदललेलं. तिसऱ्या गाण्यात मला फटक्यांच्या जागी टिक टिक ऐकू आलं आणि मध्ये शांतता. असंच हवं. दुसऱ्या भागातल्या एका गाण्यात मात्र ९० टक्क्यांवर करून पाहिलं तेव्हा त्या शांततेत गाण्याचे शब्द पुसटसे ऐकू आले. म्हणजे न कापलेले माथेही साधन कापलेले समजून फुगवत होतं. लगेच ९५वर परत आलो.

ऐकताना फसगत होते ती वेगळ्याच कारणाने. दुरुस्त आवाज ९ डेसिबल खाली असतो, म्हणून तो ताकद गेल्यासारखा वाटतो, आणि फाटलेला मूळ आवाज ‘दमदार’ वाटतो. त्या मुलाचीही पहिली प्रतिक्रिया हीच होती, ‘‘आधीचंच बरं होतं की.’’ दोन्ही कानाला सारखे मोठे वाटतील असे करून पुन्हा पाठवले, तेव्हा त्याचं मत लगेच बदललं. तुलना नेहमी तशीच करावी.

पाचव्या-सहाव्या गाण्यात काम जड झालं. तिथे गायिकेचा आवाज चढतो आणि एकेका माथ्यावर १० ते २५ सॅम्पल सपाट झालेले आहेत. इथे साधा गोल माथा काढणं पुरत नाही, कारण २५ सॅम्पलमध्ये वरच्या पट्टीतल्या स्वरांची एखादी पूर्ण लाट बसते. म्हणून तिथे आजूबाजूच्या आवाजाचा साचा ओळखून त्यावरून मधला भाग मांडणारं साधन वापरलं:

```
ffmpeg -i tukda.wav -af adeclip -c:a pcm_f32le durust.wav
```

शेवटचं `pcm_f32le` विसरू नये. परत उभे राहिलेले माथे मर्यादेच्या वर जातात. साध्या २४ बिटमध्ये साठवले तर ते पुन्हा तिथल्या तिथे कापले जातील आणि सगळी मेहनत वाया जाईल. या प्रकारात फाइल आकाराने मोठी होते, पण वर गेलेलं सगळं जपलं जातं, आणि नंतर आपण हळूच आवाज खाली आणू शकतो.

निकाल संमिश्र. लांबवलेले ‘आ’, ‘ओ’ छान सुधारले. स्थिर स्वर आपल्या आधीच्या लाटेसारखाच पुढे चालतो, म्हणून त्याचा अंदाज बांधता येतो. ‘स’, ‘श’, ‘च’ मात्र कुरकुरीतच राहिले, कारण ती फक्त खरखर असते, तिची पुढची लाट मागच्या लाटेवरून काढताच येत नाही. तिथे मी फक्त त्या अक्षरांवर, प्रत्येकी दशांश सेकंदापुरता, ३ ते ५ किलोहर्ट्‌झचा पट्टा तीनेक डेसिबल खाली आणला. ही दुरुस्ती नाही, लेप आहे. पूर्ण गाण्यावर तो लावला असता तर चांगला भागही मलूल झाला असता.

आणि मग शेवटचं गाणं. यात ड्रमर आणि बास एकत्र जोरात, खालचे स्वर ६० हर्ट्‌झच्या आसपास, आणि रेकॉर्डर त्याच स्पीकरपासून तीन मीटरवर. त्या मुलाला नेमकं हेच गाणं सर्वांत जास्त हवं होतं. मी तिन्ही-चारी पद्धती लावून पाहिल्या. बासचा माथा गोल होत होता, घुमी वाढत होती, पण गायिकेचा आवाज होता तसाच घरघरता राहत होता. का, ते हिशेबाने दिसतं.

६० हर्ट्‌झची एक लाट ४८ किलोहर्ट्‌झच्या फाइलमध्ये ८०० सॅम्पलची असते. तिची खरी उंची मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त, असेल तर वरचा माथा सलग सुमारे २६७ सॅम्पल सपाट होतो, खालचाही तितकाच. म्हणजे दोन तृतीयांश वेळ रेकॉर्डर छताला किंवा जमिनीला चिकटलेला. गायिकेचा आवाज या मोठ्या लाटेच्या पाठीवर बारीक तरंगांसारखा बसलेला असतो. मोठी लाट छताला चिकटली की ते तरंगही कापले जातात, कापून थोडे शिल्लक राहतात असं नव्हे, पूर्णच जातात. त्या २६७ सॅम्पलमध्ये १००० हर्ट्‌झच्या स्वराची साडेपाच आवर्तनं बसली असती. झूम करून पाहिलं तर उतारांवर तरंग स्पष्ट दिसतात आणि सपाट भागावर कोरी रेघ. गळा सेकंदाला १२० वेळा तोडला जातो आहे, आणि कानाला ती घरघर म्हणून ऐकू येते.

डिक्लिपचं साधन बासची लाट परत बांधू शकतं, कारण तिचे दोन्ही उतार हाताशी आहेत. गळ्यासाठी त्याच्याकडे दर वेळी १३३ सॅम्पलचा तुकडा, मग २६७ची पोकळी, पुन्हा १३३चा तुकडा एवढंच असतं. माहितीपेक्षा पोकळी दुप्पट. तिथे साधन जे भरतं तो गायिकेचा आवाज नसतो. मर्यादा ओळखायची माझी खूण आता हीच आहे: किती डेसिबल कापलं हे नंतर, आधी सपाट भाग किती लांब आणि छताला नेमकं कोण चिकटलं ते पाहायचं. फटक्याचा स्वतःचाच माथा गेला असेल तर तो परत येतो. बासने गळ्याला छतावर चिरडलं असेल तर गळा त्या फाइलमध्ये उरलेलाच नसतो.

मी त्याला फोन केला. ‘‘या गाण्यातला गळा या फाइलमधून परत येणार नाही. प्रेक्षकांत कोणी मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं का?’’ दोन दिवसांत त्याने मागच्या रांगेतून घेतलेला एक व्हिडिओ मिळवला. त्यातला आवाज एकाच चॅनेलचा, खोलीच्या प्रतिध्वनीने भरलेला, खालचे स्वर जवळपास गायब. पण मोबाइल लांब असल्यामुळे गळा कुठेही कापलेला नव्हता. इथे मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

दोन्ही नोंदी पहिल्या काठीच्या फटक्यावर जुळवल्या. मागची रांग तीसेक मीटरवर असेल तर आवाज तिथे पोहोचायलाच ८०-९० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे चित्रावर विसंबून जुळवणी करता येत नाही, आवाजावरच करावी लागते. पाच मिनिटांनंतर गाण्याच्या शेवटी त्या १२ मिलिसेकंदांनी पुढेमागे झाल्या होत्या. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. मोबाइलचा आवाज तेवढ्याच प्रमाणात किंचित ताणला आणि दोन्ही टोकं जुळली.

मग वाटणी केली. १२० हर्ट्‌झच्या खालचं सगळं रेकॉर्डरमधून, वरचं मोबाइलमधून. यात एक गोष्ट आपसूक साधली. ६० हर्ट्‌झची लाट दोन्ही बाजूंनी सारखी कापली गेली की तिच्यातून १८०, ३०० अशा विषम पटींचे नवे स्वर तयार होतात, आणि फाटलेपणाचा मोठा वाटा त्यांचाच असतो. रेकॉर्डरचा आवाज १२०च्या वर तीव्र उताराने कापला की हे उपरे स्वर बहुतेक निघूनच जातात, आणि खाली निखळ बास उरतो. त्या फाइलमध्ये जे खरंच शिल्लक होतं तेवढंच तिच्याकडून घेतलं. झांजांची चमक मोबाइलमध्ये बोथट होती, ती मी तशीच ठेवली. रेकॉर्डरमधून वरचा पट्टा थोडा मिसळून पाहिला, लगेच घरघर परत आली.

जोड लपवायला आधीच्या गाण्यानंतरच्या टाळ्या उपयोगी पडल्या. त्या टाळ्यांमध्ये सहा सेकंदांत एक नोंद हळूहळू कमी आणि दुसरी वाढती केली. तरी लक्ष देऊन ऐकणाऱ्याला शेवटच्या गाण्यात आपण अचानक हॉलच्या मागे जाऊन बसलो असं जाणवतं. ते मी मुलाला आधीच सांगून ठेवलं.

सगळ्यात शेवटी, पूर्ण जोडलेल्या फाइलवर सर्वांत उंच माथा उणे १ डेसिबलवर येईल इतकी लेव्हल बसवली आणि फार उंच उडणाऱ्या मोजक्या फटक्यांना ठरावीक उंचीवर अडवायला लिमिटर ठेवला. तो दोन डेसिबलच्या वर काम करणार नाही याची काळजी घेतली, नाहीतर परत उभे केलेले माथे मीच पुन्हा चेपले असते.

शेवटच्या गाण्यात चार सेकंद तरीही राहिले. गायिका वरचा स्वर घेते तिथे रेकॉर्डरमध्ये फक्त बासचे सपाट माथे आहेत आणि मोबाइलशेजारी कोणीतरी जोरात ओरडलं आहे. मुलाने विचारलं, ‘‘दादा, आधीच्या कडव्यातला तोच स्वर उचलून इथे लावला तर?’’ तांत्रिकदृष्ट्या जमलं असतं. मी म्हटलं, ‘‘तुम्ही हे अल्बम म्हणून काढणार असाल तर ठरवा, मी लावून देईन. पण त्या दिवशी काय झालं याची ही नोंद असेल तर तो स्वर त्या दिवशीचा राहणार नाही.’’ तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, गायिकेला विचारतो. संध्याकाळी तिचाच फोन आला. ओरडणारा तिचा भाऊ होता, म्हणाली, ते चार सेकंद तसेच ठेवा.